लॉग-लॉग आलेख: स्लोप ०.४८ आला, पण k जुळत नाही

प्रश्न: साध्या लोलकाच्या प्रयोगात T = kLⁿ मानून n आणि k काढायचे आहेत. साध्या आलेख-कागदावर log L आणि log T घेतले. L म्हणजे आधारापासून गोळ्याच्या वरच्या गाठीपर्यंतचा दोरा: २०, ३०, ४०, ६०, ८०, १०० सेमी. २० दोलनांचे वेळ अनुक्रमे १८.६, २२.५, २५.९, ३१.५, ३६.२, ४०.४ सेकंद. गोळ्याचा व्यास ३.० सेमी. रेषा अगदी सरळ आली, स्लोप ०.४८२. रेषा उभ्या अक्षाला −०.०८ वर छेदते म्हणून k = ०.८३ लिहिला. मैत्रिणीने हीच वाचनं मीटरमध्ये घेऊन २.०२ काढला, आणि पुस्तकाप्रमाणे २.०१ हवा. माझं काय चुकलं? आणि ०.४८ म्हणजे जवळपास ०.५ च ना?

उत्तर:

यात दोन चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. एक आलेख वाचण्याची आणि दुसरी मोजण्याची. k ची चूक सहज दिसते. स्लोपची मात्र दडून बसली आहे, आणि खरं शिकण्यासारखं तिच्यातच आहे. तरी आधी k कडे बघू.

समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे लॉग घेतले की log T = log k + n log L मिळतं. म्हणजे y = c + nx, आणि c = log k. या c ची व्याख्या x = ० असताना y ची किंमत अशी आहे. कागदावर डाव्या कडेला काढलेल्या उभ्या रेघेशी तिचा काही संबंध नाही. तुमच्या वाचनांचे लॉग १.३०१ ते २.००० या पट्ट्यात येतात, त्यामुळे आडवा अक्ष शून्यापासून सुरू केला असता तर निम्म्याहून जास्त कागद रिकामा राहिला असता. तुमची रेषा y = −०.०८ ला असते तेव्हा x साधारण १.२ असतो. म्हणजे तुम्ही अक्ष १.२ पासून सुरू केलात. ते योग्यच आहे, रेषा कागदभर पसरायला हवी. फक्त अशा अक्षावरचा छेद हा इंटरसेप्ट नसतो. तुम्ही जो ०.८३ काढलात तो सुमारे १६ सेमी लांबीच्या लोलकाचा दोलनकाल आहे, k नाही.

अशा वेळी रेषा कागदाबाहेर वाढवत बसायची गरज नसते. रेषेवरचा एखादा सोयीचा बिंदू घ्यायचा आणि c हिशेबाने काढायचा. हा बिंदू रेषेवरचा हवा, वाचनांतला नको. स्लोप काढतानाही हेच पाळा: रेषेच्या दोन टोकांजवळचे बिंदू घेऊन मोठा त्रिकोण करा. वाचनांपैकीच दोन बिंदू उचलले तर मधली चार वाचनं घेतली काय नि न घेतली काय, सारखंच. तुमच्या रेषेवर x = १.८० ला y = ०.२०८ आहे. म्हणून

c = ०.२०८ − ०.४८२ × १.८० = −०.६६०

k = 10^(−०.६६०) = ०.२१९

इथे पुष्कळ जण अडखळतात. ०.६६ चा अँटिलॉग घेऊन ४.५७ लिहितात आणि पुढे ऋण चिन्ह लावून मोकळे होतात. k ऋण असूच शकत नाही, कारण दोलनकाल ऋण नसतो. लॉग टेबल वापरत असाल तर −०.६६ ला आधी −१ + ०.३४ असं लिहा. ०.३४ चा अँटिलॉग २.१९, आणि −१ मुळे दशांशचिन्ह एक घर डावीकडे, म्हणून ०.२१९. कॅल्क्युलेटरवर log ऐवजी ln घेतला असेल तर स्लोप तोच राहतो, पण शेवटी 10^c ऐवजी e^c घ्यावा लागतो. सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा असं केलं की स्लोप बरोबर आणि k चुकीचा, असं कोडं तयार होतं.

आता ०.२१९ आणि मैत्रिणीचा २.०२. हे दोन्ही आकडे एकाच रेषेचे आहेत आणि दोन्ही बरोबर वाचलेले आहेत. k म्हणजे एक एकक लांबीच्या लोलकाचा दोलनकाल. तुमच्या हिशेबात ते एकक १ सेमी आहे, तिच्या हिशेबात १ मीटर. म्हणून k ला एकक असतं, आणि तेही घातांकावर अवलंबून असणारं: तुमच्या रेषेसाठी सेकंद प्रति सेमी^०.४८२. सेमीवरून मीटरवर जायचं तर 100ⁿ ने गुणायचं, आणि हा n आपल्या रेषेचा, पुस्तकातला नव्हे. 100^०.४८२ = ९.२०, आणि ०.२१९ × ९.२० = २.०१५. वाचनातल्या फरकापुरता तो मैत्रिणीच्या २.०२ शी जुळतो. सवयीने १० ने गुणलं असतं तर २.१९ आला असता आणि गोंधळ आणखी वाढला असता. तक्त्याच्या रकान्यावर नुसतं log L न लिहिता log (L/सेमी) लिहिलंत तर हा प्रश्न सहसा येतच नाही. लॉग नेहमी निव्वळ संख्येचा घ्यायचा असतो, आणि त्या भागाकारातच एकक नोंदलं जातं.

पण इथे एक गोष्ट खटकायला हवी. k वरून g काढून बघा. सिद्धांताप्रमाणे k = 2π/√g, म्हणून g = (2π/k)². मैत्रिणीच्या बाजूने, म्हणजे २.०१५ घेऊन, g = ९.७ मी/से² येतो. तुमच्या ०.२१९ वरून ८२३ सेमी/से², म्हणजे ८.२ मी/से². वाचनं तीच, रेषा तीच, तरीही एक उत्तर ठीक आणि दुसरं सोळा टक्क्यांनी कमी. केवळ एकक बदलल्याने g बदलत नसतो. हा फरक स्लोप ०.५ नसल्याची खूण आहे. k = 2π/√g हे सूत्र n नेमका ०.५ असेल तरच लागू पडतं, आणि तुमची रेषा तशी नाही.

मग मैत्रिणीचं उत्तर चांगलं का आलं? तिच्या आलेखात x = ० म्हणजे L = १ मीटर, आणि ते तुमच्या शेवटच्या वाचनावरच पडतं. तिला रेषा वाढवावीच लागली नाही. तुमच्या आलेखात x = ० म्हणजे L = १ सेमी. सर्व बिंदूंचा मध्य x = १.६८ जवळ आहे, तिथून मागे तितकं अंतर रेषा आंधळेपणाने न्यावी लागते. स्लोपमधली ०.०१८ ची चूक तिथवर पोचेपर्यंत साधारण ०.०३ होते. लॉगमधले ०.०३ म्हणजे k मध्ये सात टक्के, आणि g मध्ये k चा वर्ग असल्याने त्याच्या दुप्पट. मीटरमध्ये हेच अंतर ०.३२ आहे, म्हणून k ला जेमतेम सव्वा टक्क्याचा धक्का बसतो. यातून कामाची सवय ही: एकक असं निवडा की log L चं शून्य वाचनांच्या आत किंवा अगदी जवळ येईल. मीटर निवडण्याचं इथे खरं कारण हेच आहे, एसआय पद्धतीचा मान राखणं नव्हे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ०.४८ म्हणजे ०.५ असं म्हणता येईल का, हे नजरेने ठरवायचं नसतं. आधी स्लोपची अनिश्चितता काढा. हाताने स्टॉपवॉच चालवताना एका वेळेत ०.२ सेकंदाची चूक सहज होते. log T मधली अनिश्चितता ०.४३४ × ΔT/T इतकी असते, आणि ΔT/T हे प्रमाण २० दोलनांच्या वेळेवरून काढलं तरी तेच येतं. सर्वांत आखूड लोलकासाठी ०.२/१८.६, म्हणून लॉगमध्ये ०.००४७. सर्वांत लांब लोलकासाठी ०.२/४०.४, म्हणून ०.००२१. दोन्ही टोकं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला सरकली अशी वाईटात वाईट कल्पना केली तर स्लोपमधला फरक ०.००६८/०.६९९, म्हणजे सुमारे ०.०१. तुमचा स्लोप झाला ०.४८ ± ०.०१. याच्या वरच्या टोकालाही ०.५ सापडत नाही, आणि ही कल्पना मुद्दाम ऐसपैस धरलेली आहे. तेव्हा "प्रायोगिक चुकीमुळे" असं लिहून पुढे जाता येणार नाही. इथे कुठेतरी एकाच दिशेची चूक आहे.

ती तुमच्या प्रश्नातच लिहिलेली आहे: L गाठीपर्यंत मोजला. लोलकाची लांबी आधारापासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत असते. व्यास ३.० सेमी, म्हणून प्रत्येक लांबी १.५ सेमीने कमी नोंदली गेली. सगळ्यांत सारखीच चूक आहे, मग स्लोपवर परिणाम का व्हावा, असं वाटेल. साध्या आलेखात तो झाला नसता, रेषा नुसती बाजूला सरकली असती. लॉग मात्र फरक बघत नाही, पट बघतो. २० सेमीत १.५ सेमी मिळवले तर लांबी साडेसात टक्क्यांनी वाढते, १०० सेमीत मिळवले तर दीड टक्क्यानेच. म्हणजे बिंदू उजवीकडे सरकवायला हवे होते, पण डावीकडचा बिंदू जास्त आणि उजवीकडचा अगदी थोडा. ते न केल्यामुळे रेषा आडवी पसरली आणि स्लोप पडला. L मध्ये d इतका भाग राहून गेला असेल तर कोणत्याही ठिकाणचा स्लोप ०.५ × L/(L + d) असतो. २० सेमीला ०.४६५, १०० सेमीला ०.४९३. तुमचा ०.४८२ या दोहोंच्या मधोमध बसतो.

याचा अर्थ तुमचा आलेख खरं तर वक्र आहे, डावीकडे कमी चढाचा आणि उजवीकडे जास्त. मग तो सरळ का दिसला? कारण लांबी एकूण पाचच पट बदलली आहे आणि एवढ्या पट्ट्यात हा बाक फारच थोडा आहे. उत्तम बसणाऱ्या रेषेपासून तुमचे बिंदू लॉगमध्ये ०.००१ च्या आसपास हटतात. आलेख-कागदावर ते अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येतं, पेन्सिलच्या टिंबात मावून जाईल इतकं. म्हणून लॉग-लॉग आलेख सरळ दिसला एवढ्यावर घातनियम सिद्ध झाला असं समजू नका. संगणकाने काढलेला सहसंबंध गुणांक इथे ०.९९९९ च्याही वर जातो, आणि तरीही घातांक चुकीचा आहे. तो गुणांक बिंदू रेषेच्या किती जवळ आहेत तेवढं सांगतो. ती रेषा कोणत्या नियमाची आहे हे त्याला ठाऊक नसतं.

संशय आला की मी दुसरा आलेख काढतो: T² विरुद्ध मोजलेली लांबी, साध्या मापात. T² = (4π²/g)(L + d) असल्यामुळे लांबीतली कायमची तूट इथे स्लोपला हात न लावता इंटरसेप्टमध्ये उघडी पडते. तुमची वाचनं घ्या. २० सेमीला T = ०.९३० आणि T² = ०.८६५. १०० सेमीला T = २.०२० आणि T² = ४.०८०. स्लोप ३.२१५/८० = ०.०४०२ से²/सेमी. रेषा मागे नेली तर L = ० ला T² शून्य होत नाही, ०.०६१ राहतो. ०.०६१ ला ०.०४०२ ने भागलं की १.५ सेमी मिळतात, नेमकी गोळ्याची त्रिज्या. व्यास सांगितला नसतात तरी रेषेने तो सांगितला असता. मधली चार वाचनंही याच रेषेवर बसतात, ते तुम्ही करून बघा.

आता लांबी दुरुस्त करून लॉग-लॉग आलेख पुन्हा काढू, या वेळी मीटरमध्ये.

| L (मी) | T (से) | log (L/मी) | log (T/से) |
|---|---|---|---|
| ०.२१५ | ०.९३० | −०.६६८ | −०.०३२ |
| ०.३१५ | १.१२५ | −०.५०२ | ०.०५१ |
| ०.४१५ | १.२९५ | −०.३८२ | ०.११२ |
| ०.६१५ | १.५७५ | −०.२११ | ०.१९७ |
| ०.८१५ | १.८१० | −०.०८९ | ०.२५८ |
| १.०१५ | २.०२० | ०.००६ | ०.३०५ |

स्लोप ०.५०० येतो. x = ० ला y = ०.३०२४, म्हणून k = २.००६ सेकंद प्रति मीटर^०.५. आता 2π/√g वापरायला हरकत नाही, आणि g = ९.८१ मी/से² मिळतो. शेवटचा आकडा इतका नेमका जुळणं हा थोडा योगायोगच आहे. हाती धरलेल्या स्टॉपवॉचवर ९.८ ± ०.१ लिहिणं प्रामाणिक. हीच गोष्ट सेमीत केलीत तर k = ०.२००८ येतो आणि g पुन्हा ९.८ च्या जवळच निघतो. घातांक बरोबर असला की एककांचं भांडण मिटतं, ही एक चांगली तपासणी आहे.

कोणती चूक स्लोपमध्ये जाते आणि कोणती k मध्ये, हे एकदा ओळखता आलं की असे प्रश्न लवकर सुटतात. ठरावीक भर किंवा तूट असेल तर स्लोप बिघडतो, हे आत्ता पाहिलं. ठरावीक पटीची चूक असेल तर रेषा स्वतःला समांतर वरखाली सरकते, स्लोपला कळतही नाही, सगळा भार k वर पडतो. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे दोलनं मोजताना घड्याळ सुरू करताच "एक" म्हणणं. तसं केलं तर "वीस" म्हणताना प्रत्यक्षात १९ दोलनं झालेली असतात. प्रत्येक T पाच टक्क्यांनी कमी येतो, स्लोप मात्र देखणा ०.५०० येतो. k १.९१ होतो आणि g जवळजवळ १०.९. असा g घेऊन आलेले विद्यार्थी स्लोप दाखवून प्रयोग बरोबर असल्याचं सांगतात, आणि त्यांची पंचाईत समजण्यासारखी असते. घड्याळ सुरू करताना "शून्य" म्हणा.

मोठ्या कोनाची चूक या दोहोंच्या मध्ये पडते. लोलक θ रेडियन कोनातून सोडला तर दोलनकाल साधारण θ²/१६ या प्रमाणात वाढतो: १० अंशांना ०.२ टक्के, २० अंशांना ०.८ टक्के. सगळे लोलक एकाच कोनातून सोडले तर ही वाढ एका पटीची, म्हणून ती फक्त k मध्ये जाते. पण बरेच जण गोळा दर वेळी सारख्याच अंतराने, समजा ५ सेमी, बाजूला ओढतात. मग आखूड लोलकाचा कोन मोठा होतो आणि लांब लोलकाचा लहान, आणि स्लोप किंचित पडतो. तुमच्या लांब्यांना हा परिणाम ०.००२ च्या आसपास आहे, म्हणजे तुमच्या ०.०१८ चं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही.

पुन्हा वाचनं घेणार असाल तर लांब्यांची निवड बदला. तुमच्या तक्त्यात १०, १०, २०, २०, २० असे टप्पे आहेत आणि लॉगमध्ये उजवीकडचे बिंदू दाटी करतात. डावीकडे एकटा पडलेला २० सेमीचा बिंदू रेषेला सर्वांत जास्त वळवतो, आणि नेमकी त्याच लांबीतली टक्केवारीची चूक सर्वांत मोठी असते. २०, २८, ३८, ५२, ७२, १०० अशा सारख्या पटीने वाढणाऱ्या लांब्या घेतल्या तर लॉग-अक्षावर बिंदू समान अंतरावर पडतात. २० सेमीसाठी २० ऐवजी ४० दोलनं मोजली तर तिथली घड्याळाची टक्केवारीही निम्मी होते.

छापील लॉग-लॉग कागद मिळाला तर लॉग काढायचे कष्ट वाचतात. लांबी आणि वेळ थेट मांडायचे. पण तिथे स्लोप काढताना अक्षांवरचे आकडे वजा करायचे नाहीत. दोन्ही अक्षांवर एका चक्राची लांबी सारखी असेल तर पट्टीने उभं आणि आडवं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून भागायचं. ती सारखी नसेल तर दोन बिंदूंचे लॉग घेण्यावाचून गत्यंतर नाही. k मात्र सरळ वाचता येतो: १ मीटरच्या उभ्या रेघेवर रेषा जिथे असेल तिथला T, अँटिलॉग वगैरे काही नाही.